चिठ्ठीची मुदत चिठ्ठीतच लिहिलेली असते

वाचकाचं पत्र

लालबागची आमची चाळ पुनर्विकासाला गेली आणि आम्ही मुलुंडला भाड्याच्या घरात आलो. सासूबाई 72 वर्षांच्या आहेत. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि रात्री झोपेसाठी ॲल्प्राझोलाम अशा दोन गोळ्या त्या बरीच वर्षं घेतायत. लालबागचे केमिस्ट ओळखीचे, चिठ्ठी न बघताच द्यायचे. इथल्या केमिस्टने मात्र दीड वर्षापूर्वीची चिठ्ठी बघितली आणि ‘ही एक्स्पायर झालीय’ म्हणून परत केली. आमचे डॉक्टर सगळं त्यांच्याकडच्या कार्डावर लिहितात, त्यामुळे घरात कागद म्हणून एवढाच. नवीन लिहून मागू या म्हटलं तर सासूबाई म्हणतात, इतक्या वर्षांच्या डॉक्टरांवर अविश्वास दाखवल्यासारखं होईल. चिठ्ठी नक्की किती दिवस चालते? आणि जपून ठेवायची कशी? सामान हलवताना आमचे निम्मे कागद भिजले.
— एक वाचक, मुलुंड

उत्तर

ताई, आधी घरात जाऊन ॲल्प्राझोलामच्या किती गोळ्या शिल्लक आहेत ते मोजा. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल. ही गोळी बरीच वर्षं रोज घेणाऱ्या माणसाने एका रात्रीत बंद करायची नसते. झोप उडते, हात थरथरतात, जीव घाबरा होतो, क्वचित फिट येते. संपत आली असेल तर याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा, आणि प्रत्यक्ष भेटा. 2020 साली टेलिमेडिसिनची जी मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यांनुसार मनावर परिणाम करणारी म्हणजे ‘सायकोट्रॉपिक’ यादीतली औषधं फोनवर किंवा व्हिडिओवर तपासून लिहून देता येत नाहीत, आणि ॲल्प्राझोलाम त्या यादीत आहे. त्यामुळे ‘डॉक्टरांना फोन लावू, ते व्हॉट्सॲपवर चिठ्ठी टाकतील’ हा मार्ग टेल्मिसार्टनपुरता ठीक आहे, झोपेच्या गोळीसाठी नाही. मुलुंडहून धीमी लोकल पकडली की करी रोड थेट येतं. सासूबाईंना गर्दीचा त्रास होत असेल तर दुपारी निघा, दवाखाना संध्याकाळी उघडेपर्यंत कुणा नातेवाइकाकडे टेकता येईल.

आता केमिस्टबद्दल. ‘एक्स्पायर’ हे त्याने आपल्या सोयीने म्हटलं, पण औषध द्यायला नकार दिला यात त्याचं काही चुकलं नाही. आपल्याकडच्या औषध नियमांत, म्हणजे 1945 च्या नियमांत, चिठ्ठी इतक्या महिन्यांनी बाद होते असा आकडा नाही. काही दुकानं तीन महिने धरतात, काही सहा. ऑनलाइन औषध विकणाऱ्यांचे आपापले हिशेब असतात. ती त्या त्या दुकानाची सावधगिरी आहे. कायद्याने विचारलेला प्रश्न वेगळाच आहे: ही चिठ्ठी किती वेळा वापरायची?

नियम 65 मध्ये याचं उत्तर आहे. शेड्यूल एच आणि शेड्यूल एक्स या चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या याद्या आहेत; त्यांतली औषधं लिहिलेली चिठ्ठी एकदाच वापरता येते, डॉक्टरांनी त्यावर पुन्हा देण्याची परवानगी लिहिली असेल तरच पुढे. किती वेळा आणि किती दिवसांच्या अंतराने द्यायचं हे लिहिलं असेल तर केमिस्टने तेवढंच पाळायचं. शिवाय दर वेळी औषध देताना चिठ्ठीवर, डॉक्टरांच्या सहीच्या वर, दुकानाचं नाव, पत्ता आणि तारीख नोंदवायची. मुंबईत ही नोंद किती ठिकाणी होते ते तुम्हाला माहीत आहे आणि मलाही. मी स्वतः बरीच वर्षं औषधाच्या काउंटरमागे उभा होतो. संध्याकाळी सातला गिऱ्हाइकांची रांग लागली की शिक्का बाजूलाच राहतो.

म्हणजे तुमच्या हातातली चिठ्ठी दीड वर्षाने जुनी झाली असं म्हणणंही तितकंसं बरोबर नाही. तिच्यावर ‘पुन्हा द्यावे’ असं काही लिहिलेलं नसेल, तर ती पहिल्यांदा गोळ्या घेतल्या त्याच दिवशी संपली. लालबागचे केमिस्ट त्यानंतर देत होते ते चिठ्ठीवर नव्हे, सासूबाईंच्या ओळखीवर. ओळख मुलुंडला बरोबर आली नाही, एवढंच झालंय.

तेव्हा डॉक्टरांकडून नुसती ‘नवीन चिठ्ठी’ मागू नका. चिठ्ठीत काय लिहून हवंय ते मागा. नियमांप्रमाणे चिठ्ठीवर रुग्णाचं नाव-पत्ता, डॉक्टरांची सही, तारीख, औषध एकूण किती द्यायचं आणि कसं घ्यायचं एवढं असायलाच हवं. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या आचारसंहितेप्रमाणे डॉक्टरांचा नोंदणी क्रमांकही. यातली ‘एकूण किती’ ही ओळ सर्रास गळते. चिठ्ठीवर औषधाचं नाव असतं, पुढे सकाळ-दुपार-रात्रीचं 1-0-0 असतं, आणि मग काहीच नाही. दहा गोळ्या की शंभर, हे केमिस्टने ठरवायचं. नवखा केमिस्ट अशी चिठ्ठी बघून बिचकतो, कारण त्याच्या बाजूने बोलणारं त्या कागदावर काहीच नसतं.

टेल्मिसार्टनचं उदाहरण घेऊ. समजा डॉक्टरांनी 12 जूनला लिहिलं: टेल्मिसार्टन 40 मिलिग्रॅम, सकाळी एक, 30 गोळ्या, दर 30 दिवसांनी, एकूण 3 वेळा. आता हिशेब स्वच्छ झाला. 12 जूनला पहिला शिक्का, 12 जुलैला दुसरा, 11 ऑगस्टला तिसरा. शेवटची गोळी 9 सप्टेंबरच्या सकाळी संपते, तेव्हा त्याआधी डॉक्टरांची भेट ठरलेली हवी. चिठ्ठी किती दिवस चालते याचं तुमचं उत्तर त्या चार शब्दांत बसलंय: नव्वद दिवस. आणि तो आकडा केमिस्टने नाही, डॉक्टरांनी ठरवलाय. ‘एकूण’ हा शब्द मात्र आठवणीने लिहून घ्या. नुसतं ‘रिपीट 3’ असलं की एक केमिस्ट पहिली धरून तीन मोजतो, दुसरा पहिली सोडून तीन, आणि तुम्ही दोघांच्या मध्ये उभ्या राहता.

पैशाची ओढाताण असली की लोक तीसऐवजी दहाचीच पट्टी घेतात. घ्यायला हरकत नाही. फक्त केमिस्टला तारखेखाली ‘10 दिल्या’ असं लिहायला सांगा, म्हणजे उरलेल्या वीस तुमच्या नावावर राहतात. नाहीतर पुढच्या आठवड्यात दुसऱ्या दुकानात गेलात की तो शिक्का बघून म्हणणार, ‘या महिन्याच्या तर झाल्या.’

डॉक्टर नव्वद दिवसांवरच का थांबतात, वर्षभराचं का लिहून देत नाहीत, असं सासूबाई विचारतील. टेल्मिसार्टन घेणाऱ्यांचं रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा, आणि पोटॅशियम अधूनमधून तपासावं लागतं, वयस्कर माणसांचं तर नक्कीच. मूत्रपिंड थोडं थकलं की याच गोळीने पोटॅशियम वाढू शकतं, आणि ते अंगावर कळत नाही, रक्तातच कळतं. उन्हाळ्यात जुलाब-उलट्या झाल्या, किंवा गुडघ्यासाठी कुणी सांगितलेल्या वेदनाशामक गोळ्या रोज सुरू झाल्या, तर त्याच चाळीस मिलिग्रॅमचा परिणाम बदलतो. दीड वर्षापूर्वीच्या चिठ्ठीत दीड वर्षापूर्वीचा रक्तदाब आहे. मुलुंडच्या त्या केमिस्टच्या मनात इतकं सगळं असेलच असं नाही, पण त्याच्या नकाराने तुमचं नुकसान झालं नाही.

ॲल्प्राझोलामसाठी वेगळा कागद मागा. ही गोळी शेड्यूल एच-1 मध्ये येते. ही यादी मार्च 2014 पासून लागू आहे. तिच्यातलं औषध विकताना केमिस्टला वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं हे लिहावं लागतं आणि ते रजिस्टर तीन वर्षं ठेवावं लागतं. तपासणीला आलेला औषध निरीक्षक पहिल्यांदा तेच उघडतो. त्यामुळे दोन्ही औषधं एकाच चिठ्ठीवर असली की झोपेच्या गोळीच्या धास्तीने केमिस्ट अख्खी चिठ्ठीच परत करतो, रक्तदाबाच्या गोळीसकट. तुमच्या बाबतीत हेच झालं असण्याची दाट शक्यता आहे. दोन कागद असले की एक अडला तरी दुसरा चालतो. पट्टीवर बघितलंत तर कुठलं औषध कडक यादीतलं हे तुम्हालाही कळेल: लाल चौकटीत इशारा छापलेला असतो, आणि ‘आरएक्स’ या अक्षरांच्या आधी ‘एन’ असेल तर ते नशा किंवा मनावर परिणाम करणाऱ्या औषधांपैकी.

त्याच भेटीत सासूबाईंनी डॉक्टरांना आणखी एक विचारावं, की या गोळीची आता किती गरज आहे. सत्तरीपुढे तिच्याने तोल जाणं, रात्री बाथरूमला जाताना पडणं, विसरणं हे सगळं वाढतं. कमी करायची की नाही आणि कशी, हे डॉक्टरांनी ठरवायचं. तुम्ही घरी अर्धी करून बघू नका.

राहिला अविश्वासाचा मुद्दा. सासूबाईंचं म्हणणं मला कळतं. त्यांच्या पिढीला डॉक्टरांचं कपाट आणि त्यातलं आपल्या नावाचं कार्ड हाच विश्वास होता. पण कार्ड डॉक्टरांच्या आठवणीसाठी असतं, चिठ्ठी रुग्णाच्या हातात राहण्यासाठी. रात्री दोनला रुग्णवाहिका आली आणि ड्युटीवरच्या डॉक्टरांनी विचारलं, ‘कुठली औषधं चालू आहेत?’, तर लालबागच्या कपाटाचं कुलूप कोण उघडणार? राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेत आपल्या उपचाराच्या नोंदी मिळण्याचा हक्क आहे आणि औषध कुठल्या दुकानातून घ्यायचं हे निवडण्याचाही. लेखी चिठ्ठी हातात नसेल तर तो दुसरा हक्क नुसता कागदावर राहतो. दवाखान्यातूनच कागदाच्या पुडीत सुट्या गोळ्या मिळत असतील तिथेही नाव आणि मात्रा लिहून मागावी. पुडीवर ‘सकाळ-रात्र’ एवढंच असतं आणि आत काय ते कुणालाच माहीत नसतं.

तरी दवाखान्यात जाऊन हक्काची भाषा करू नका, गरज नाही. सासूबाईंनी एवढंच म्हणावं: “डॉक्टर, आता आम्ही मुलुंडला असतो. तिथले केमिस्ट मला ओळखत नाहीत. कार्डावरचं जे चालू आहे ते दोन कागदांवर लिहून द्याल का? रक्तदाबाची गोळी दुकानातून एकूण किती वेळा आणायची तेही लिहा, म्हणजे दर महिन्याला तुम्हाला त्रास नको.” यात डॉक्टरांना वाईट वाटण्यासारखं काही नाही, उलट महिन्याचा एक फोन वाचतो. औषधाचं मूळ नाव, म्हणजे जेनेरिक, मोठ्या अक्षरांत लिहा असंही सांगा. आचारसंहिता तेच सांगते.

मूळ नावाचा आणखी एक उपयोग आहे. लालबागला टेल्मिसार्टन एका कंपनीच्या नावाने मिळायचं, मुलुंडला दुसऱ्या. घरात जुनी पट्टी शिल्लक, नवीन पट्टी आली, दोघींची नावं वेगळी, रंग वेगळे. म्हातारं माणूस दोन्ही घेतं आणि दुपारी उठताना चक्कर येऊन पडतं. काउंटरवर माझ्यासमोर अशी गिऱ्हाइकं आली आहेत. पट्टीच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं घटकद्रव्य दोन्हीकडे सारखं दिसलं तर ते एकच औषध आहे, त्यातली एक पट्टी बाजूला ठेवा.

मूळ चिठ्ठी दुकानात कुणालाही ठेवून घेऊ देऊ नका. एच-1 साठी केमिस्टला रजिस्टरमध्ये नोंद हवी असते, तुमचा कागद नव्हे. हवं तर त्याने फोटो किंवा झेरॉक्स काढावी. फक्त शेड्यूल एक्सच्या औषधांना चिठ्ठी दोन प्रतींत लागते, त्यातली एक प्रत केमिस्ट दोन वर्षं ठेवतो आणि दुसरी तुमच्याकडे राहते. याउलट झेरॉक्सवर औषध द्यायला केमिस्ट कुरकुरला तर रागावू नका. एका चिठ्ठीच्या पाच झेरॉक्स काढून पाच दुकानांतून झोपेच्या गोळ्या उचलणारे लोक असतात, म्हणून शिक्का मूळ कागदावरच लागतो. झेरॉक्स ही हरवल्यावर पुरावा म्हणून, आणि मेडिक्लेमसाठी. क्लेमला मूळ बिलं आणि चिठ्ठ्या जोडाव्या लागल्या तर त्या परत येतीलच असं नाही, तेव्हा देण्याआधी प्रती काढा.

आता जपणं. मुंबईत कागदाचे शत्रू म्हणजे भिंतीची ओल आणि आपली माया. माया अशी, की लोक चिठ्ठी लॅमिनेट करतात. मग केमिस्ट शिक्का मारणार कशावर? तीन महिन्यांत बदलणाऱ्या कागदाला लॅमिनेशनचा उपयोगही नाही. केमिस्टचं गुळगुळीत कागदावरचं बिल तर लॅमिनेशनच्या उष्णतेने काळं पडतं, कारण त्यावर शाई नसतेच, उष्णतेनेच अक्षरं उमटलेली असतात. तसंच ठेवलं तर वर्षभरात कोरं होतं, मऊ प्लास्टिकच्या पाकिटात आणखी लवकर. क्लेमसाठी बिल लागणार असेल तर त्याच आठवड्यात झेरॉक्स काढा. चिठ्ठीला मात्र साधी, वरून उघडी पारदर्शक फाईल चांगली. ती भिंतीला टेकलेल्या कपाटात खालच्या कप्प्यात ठेवू नका, पावसाळ्यात ओल तिथेच चढते. महापालिकेच्या रुग्णालयातला केस पेपर असेल तर तो घडीवर फाटतो, म्हणून पाकिटात कोंबू नका, उलगडूनच ठेवा.

तुमचे भिजलेले कागद एकमेकांना चिकटले असतील तर ओढू नका. टिपकागद मध्ये घालून पंख्याखाली सपाट वाळवा. बॉलपेनने लिहिलेलं बहुतेक वाचेल, जेल पेनचं वाहून गेलं असेल. जे पुसट वाचता येतंय त्याचे आताच फोटो काढा.

फोटोचंही एक तंत्र आहे. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, कागदाचे चारही कोपरे दिसतील असा काढा. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि तारीख कापली जाऊ देऊ नका. मागची बाजूही घ्या, शिक्के बहुतेक तिथेच मारलेले असतात. दर नव्या शिक्क्यानंतर पुन्हा एक फोटो. नाव असं द्या की शोधताना तारखेने लागेल, उदाहरणार्थ `2025-06-12-aai-bp-1.jpg`. गॅलरीत नुसता ठेवला तर लग्नाच्या फोटोंत हरवतो. तुमच्याखेरीज घरातल्या आणखी एकाच्या फोनमध्ये तो असू द्या, आणि पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर अक्षरं फुटतात. सोसायटीच्या किंवा नातेवाइकांच्या ग्रुपवर मात्र टाकू नका. नाव, पत्ता आणि झोपेच्या गोळीचं नाव एका कागदावर, हे अनोळखी माणसाच्या हाती जाण्यासारखं नाही. आभा हा सरकारी आरोग्य ओळख क्रमांक काढला असेल तर त्याला जोडलेल्या ॲपमध्येही नोंद ठेवता येते. पण केमिस्टसमोर शेवटी कागदच काढावा लागतो, हे गृहीत धरा.

जुन्या चिठ्ठ्यांचं काय करायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण फाईल लावायला बसलात की हा प्रश्न येणारच. मात्रा किंवा औषध बदललं असेल त्या चिठ्ठीवर आडवी रेघ मारून ‘बंद’ आणि तारीख लिहा आणि फाईलच्या मागे टाका. फेकू नका. नव्या डॉक्टरांना आधी काय देऊन झालं आणि कशाने त्रास झाला हे तिथूनच कळतं. पुढे एकच ठेवा, चालू असलेली. तिच्यावर सगळ्यांत वर पेन्सिलीने पुढच्या भेटीची तारीख लिहा. आपल्या उदाहरणात ती सप्टेंबरचा पहिला आठवडा. आणि लालबागला जाल तेव्हा ही दीड वर्षापूर्वीची चिठ्ठीही बरोबर घ्या. डॉक्टरांचं कार्ड आणि तुमचा कागद शेजारी ठेवून बघा. या दीड वर्षात मात्रा बदलली असेल आणि घरात जुनीच चालू राहिली असेल, तर ते तिथेच, डॉक्टरांसमोर कळेल.